'ग्राहकाने नाकारलं' म्हणजे नक्की कोणी नाकारलं?

पत्र: मी मालवण तालुक्यातल्या एका गावातून घरगुती आगळ, मालवणी मसाला, आंबापोळी आणि फणसाचे तळलेले गरे असा संच ऑनलाइन विकते. किंमत ८५०, कुरियर त्यातच. माल आणि मजुरी मिळून ५२० पडतात, पॅकिंग ३५. कुरियरवाले जाताना १३० घेतात, सीओडीचे ४०, आणि पार्सल परत आलं की वर ११०. गेल्या महिन्यात ६० सीओडी पार्सलं गेली, १५ परत आली, सगळ्यांवर एकच कारण, 'ग्राहकाने नाकारलं'. त्यातल्या तिघांतला माल फुकट गेला. नवरा म्हणतो किंमत ५० ने वाढव, जाऊबाई म्हणतात सीओडी बंदच कर. परत आलेला माल दुसऱ्या गिऱ्हाईकाला पाठवला तर चालतो का? आणि एका बाईंनी आधीच पैसे भरले होते, मी साइटवर ५ ते ७ दिवस लिहिलंय पण पार्सल १२ व्या दिवशी पोचलं म्हणून त्यांनी घेतलं नाही, आता पूर्ण पैसे मागतायत. पार्सल अजून वाटेत आहे. देऊ का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात सगळे आकडे आहेत हे फार बरं झालं, नाहीतर मला पत्रं येतात त्यात नुसतं 'खूप नुकसान होतंय' एवढंच असतं. पण त्या आकड्यांच्या आधी मला तुमच्या एका शब्दापाशी थांबायचंय, 'नाकारलं'. पंधराच्या पंधरा लोकांनी दारात उभं राहून 'नको' म्हटलं असं तुम्ही धरून चाललाय, कारण स्क्रीनवर तसं लिहिलंय. ते कोण लिहितं बघा. डिलिव्हरीवाला मुलगा दिवसभर ऐंशी-नव्वद पार्सलं घेऊन फिरतो, जे पार्सल दिलं गेलं नाही त्याला त्याच्या मोबाइलवर एक कारण निवडावं लागतं, घरी नव्हते, पत्ता सापडला नाही, फोन लागला नाही, नंतर या म्हणाले, नाकारलं. बाकीची कारणं निवडली तर बहुतेक ठिकाणी त्याला उद्या-परवा परत जावं लागतं, साधारण तीन फेऱ्यांपर्यंत. 'नाकारलं' दाबलं की बऱ्याच कंपन्यांत पार्सल सरळ परतीच्या वाटेला लागतं, त्याची फेरी वाचते. सगळी मुलं असं करतात असं मी म्हणत नाही, उन्हापावसात राबणारी पोरं आहेत ती, पण पंधरा वेळा एकच कारण आलं तर मला शंका येणारच.

म्हणून पहिलं काम, आज संध्याकाळी चहा झाला की त्या पंधरा जणांना फोन लावा. भांडायला नाही, पैसे मागायलाही नाही. एवढंच विचारा, "ताई/दादा, पार्सल परत आलं, आमचं काही चुकलं का?" मी माझ्या मसाल्याच्या धंद्यात एका मे महिन्यात असे ११ फोन केले होते. चौघांकडे कोणी आलंच नव्हतं, नुसता एक मिस कॉल होता. तिघं गावी गेलेले. दोघांकडे सुट्टे पैसे नव्हते आणि आलेल्या मुलाने क्यूआर कोड नाही म्हणून सांगितलं. एका घरात सुनेने मागवलेलं आणि सासऱ्यांना माहीतच नाही, त्यांनी परत पाठवलं. खरोखर मन बदललेला माणूस अकरात एक निघाला. तुमचं प्रमाण वेगळं निघेल, पण कुठल्या कारणाची किती पार्सलं हे वहीत लिहिलंत की पुढचं सगळं आपोआप सुचायला लागतं.

त्यातलं 'गावी गेलेले' हे आपल्या कोकणातल्या विक्रेत्यांना जास्त भोवतं. आपलं गिऱ्हाईक कोण? लालबाग, परळ, डोंबिवली, विरारचे आपलेच चाकरमानी. मे महिन्यात आणि गणपतीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत ते मुंबईचं घर बंद करून इथेच आलेले असतात, आपण त्यांचं पार्सल इथून मुंबईला पाठवतो आणि ते बंद दारावरनं परत इथेच येतं. त्या काळात ऑर्डर आली की पॅक करायच्या आधी विचारायचं, "गणपतीला येताय का? मग इथेच घेऊन जा, कुरियरचे पैसे कमी करते." मी हे सुरू केल्यापासनं गणपतीतली परतीची पार्सलं जवळजवळ बंद झाली, आणि लोक घरी येऊन वर आणखी दोन गोष्टी घेऊन जातात.

कुरियर कंपनीच्या पॅनलवर न दिलेल्या पार्सलांची एक यादी रोज येते, तिला एनडीआर म्हणतात. तुम्ही ती बघत नसाल असा माझा अंदाज आहे, कारण बघत असतात त्यांच्या पत्रात हा शब्द येतोच. पार्सल दिलं गेलं नाही की ते त्या यादीत पडतं आणि तुम्हाला सांगायला साधारण एक दिवस मिळतो, परत जा, हा दुसरा फोन नंबर घ्या, ही खूण घ्या, किंवा जाऊदे, परत पाठवा. एकदा का ते परतीच्या वाटेला लागलं म्हणजे आरटीओ झालं की मग शक्यतो कोणी वळवत नाही, मग ते ११० गेलेच. त्यामुळे रोज सकाळी दहाच्या आत दहा मिनिटं त्या यादीला द्या, ज्याच्यावर 'नाकारलं' दिसतंय त्याला लगेच फोन करा, तो माणूस "अहो मी तर घरीच होतो" म्हणाला की तिथल्या तिथे पुन्हा पाठवायची नोंद टाका आणि त्याच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट मागवून तक्रार करा. काही कंपन्यांत ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी गेल्याशिवाय 'नाकारलं' दाबताच येत नाही अशी सोय असते. ती तुमच्या खात्याला लावून मागा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आता पैशांकडे येऊ, म्हणजे तुमचे मिस्टर आणि जाऊबाई दोघांनाही उत्तर मिळेल.

पोचलेल्या एका पार्सलमागे तुम्हाला काय सुटतं? ८५० मधून माल ५२०, पॅकिंग ३५, जाणं १३०, सीओडी ४० वजा केले की १२५ राहतात. परत आलेल्या एकामागे काय जातं? जाणं १३०, येणं ११०, आणि पॅकिंगचे ३५ कारण खोका-टेप पुन्हा वापरता येत नाही, झाले २७५. सीओडीचे ४० परत आलेल्या पार्सलवर बहुतेक कंपन्या लावत नाहीत किंवा लावून परत वळते करतात, तुमच्या बिलात ते वळते झालेत का हे मात्र ओळीओळीने बघा, पंधरा पार्सलांचे ६०० रुपये होतात. परतीचं वजनही जातानाच्या वजनाएवढंच लावलंय का तेही त्याच वेळी बघून घ्या, जाताना दोन किलोचा दर आणि येताना अडीचचा असं मी स्वतः पकडलंय, आणि त्याची तक्रार करायला ठरावीक दिवसच मिळतात.

म्हणजे एक पार्सल परत आलं की दोनपेक्षा जास्त पोचलेल्या पार्सलांचा नफा तिथेच संपला. गेल्या महिन्यात ४५ पोचली, ४५ गुणिले १२५ म्हणजे ५,६२५. पंधरा परत, त्यांचे ४,१२५ गेले. उरले १,५००. तीन संच खराब, ५२० प्रमाणे १,५६०. महिनाभर राबून तुम्ही ६० रुपयांनी खाली आहात, ताई. आणि ही गोष्ट तुमच्या लक्षात येणं कठीण होतं कारण सीओडीचे पैसे खात्यात एकगठ्ठा येतात आणि कुरियरचं बिल वेगळं कापलं जातं, दोन्ही एका कागदावर कधी भेटतच नाहीत.

मिस्टर म्हणतात तसे ५० वाढवले तर? १५ पार्सलांचं एकूण नुकसान ५,६८५, ते ४५ पोचलेल्यांवर वाटलं तर प्रत्येकी १२६ होतात. पन्नासने निम्मंही भरून निघत नाही, आणि भरतं कोण, तर ज्यांनी वेळेवर दार उघडून पैसे दिले तेच. उलट हेच बघा, परत येणारी १५ वरनं ९ वर आली आणि त्यातला एकच संच फुकट गेला तर ५१ पोचलेल्यांचे ६,३७५, वजा ९ परतीचे २,४७५, वजा ५२०, हातात ३,३८० राहतात. किंमत एक रुपया न वाढवता. आणि सहा पार्सलं वाचवणं म्हणजे काय, तर वर सांगितलेले फोन आणि ती सकाळची यादी.

जाऊबाईंचं म्हणणं मी एकदम मोडीत काढत नाही. पण तुमच्या गिऱ्हाइकांत साठीच्या पुढचे किती आहेत ते आठवा, ज्यांना गावच्या आगळाची सोलकढी हवी असते पण मोबाइलवरनं पैसे भरायची भीती वाटते. सीओडी पूर्ण बंद केलं तर ती माणसं जातात आणि ती परत येत नाहीत. म्हणून मधला रस्ता. सीओडीची ऑर्डर आली की पॅक करायच्या आधी एक व्हॉट्सअॅप, "तुमची ऑर्डर मिळाली, ८५० रुपये तयार ठेवा, या दिवसांत येईल, हो लिहून पाठवा." दोन दिवसांत हो आलं नाही तर एक फोन, तरी नाही तर पार्सल बांधायचंच नाही. ज्या नंबरवरनं एकदा विनाकारण परत आलं त्याला पुढच्या वेळी आधी पैसे. दोन संचांपेक्षा मोठी ऑर्डर असेल तर १०० रुपये आगाऊ यूपीआयने, बाकी दारात. ज्याने १०० रुपये पाठवले तो माणूस दार उघडतो, हा माझा अनुभव आहे. पण ते १०० ऑर्डर रद्द केल्यास परत मिळणार नाहीत असं असेल तर ते पैसे घ्यायच्या आधी स्पष्ट लिहून त्यांची हो घ्यायला लागते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये असंही आहे की ग्राहकाने रद्द केल्यावर तुम्ही पैसे कापणार असाल तर तुम्ही स्वतःहून ऑर्डर रद्द केलीत तर तुम्हीही तसाच भुर्दंड सोसायला हवा. मला ते न्यायाचं वाटतं. आगळ संपलं म्हणून मी ऑर्डर रद्द केली तर त्या माणसाचे १०० परत आणि वर १०० माझ्याकडनं, मी तसंच लिहून ठेवलंय.

आता परत आलेल्या मालाबद्दल, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे, रागावू नका.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षात जूनमध्ये एक खोका परत आला, वरनं अगदी चांगला दिसत होता, टेपसुद्धा माझीच. मला वाटलं उघडून परत बांधायचा त्रास कशाला, लेबल बदललं आणि नव्या गिऱ्हाइकाला तसाच पाठवला. चार दिवसांनी ठाण्याहून फोन आला, आंबापोळीच्या कडेला पांढरं आलंय. तो खोका आधी दोन आठवडे कुठल्यातरी गोदामाच्या जमिनीवर पावसाच्या दमट हवेत पडलेला, वर आणखी चार दिवसांचा प्रवास मी त्याला करायला लावला. त्या घरात लहान मूल होतं. त्या दिवसापासनं एक ठरवलं की परत आलेला खोका न उघडता बाहेर जाणार नाही, आणि उघडून चांगला निघाला तरी दुसऱ्यांदा लांबच्या प्रवासाला जाणार नाही.

परतीचं पार्सल दारात आलं की सही करायच्या आधी ते वजनकाट्यावर ठेवा. जाताना प्रत्येक खोक्याचं वजन तुम्ही लिहिलेलं असायला हवं, नसेल तर आजपासनं लेबलाच्या कोपऱ्यात लिहायला लागा. १ किलो ६०० ग्रॅमचा गेलेला खोका १ किलो ३५० ग्रॅमचा आला तर त्यातनं काहीतरी काढलंय नाहीतर आगळ गळलंय, दोन्हीपैकी एक नक्की. खोका ओला, चेपलेला, दुसऱ्या टेपचा असेल तर त्याच्या कागदावर नाहीतर मोबाइलवर 'खराब स्थितीत मिळालं' असा शेरा मारूनच घ्या आणि फोटो काढा. मग घरातल्या कोणालातरी मोबाइल धरायला सांगून लेबल दिसेल असं बंद खोक्यापासनं उघडेपर्यंत एकच सलग व्हिडिओ करा. मधे बंद केलेला व्हिडिओ कंपनी मानत नाही. नुकसानीचा दावा करायची मुदत फार थोडी असते, कुठे २४ तास कुठे ४८, तेव्हा रविवारी आलेला खोका बुधवारी उघडू असं करू नका.

आत काय बघायचं? आगळाची बाटली आडवी करून कोरड्या कागदावर पाच मिनिटं ठेवा, झाकणातनं झिरपत असेल तर कागदावर लालसर कडा उमटते. लेबलवर मिठाचे पांढरे कण दिसले तर ती आधीच झिरपून सुकलीय, तीही बाद. मसाल्याची पिशवी परातीतल्या पाण्यात बुडवून हलकेच दाबा, बुडबुडा आला की सील गेलं, आणि सील गेलेल्या मसाल्याला आपल्या हवेत ओल लागलेलीच असते, हाताला गुठळी लागते. दोन्ही कोरडे-घट्ट असतील तर आगळ आणि मसाला सहसा परत ठेवता येतो. आंबापोळी आणि गरे मात्र मी परत विकायला ठेवतच नाही. गरे अर्धे मोडलेले असतात, आणि तेलाला खवट वास आला की नाही हे पिशवी उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली की ती विकायची राहत नाही. मग करायचं काय तर तुमच्या संचातल्या चार वस्तूंपैकी दोनच परत उभ्या राहतील असं धरून हिशोब करा.

आणि तारीख. परत आली म्हणून पिशवीवर नवी तारीख चिकटवायची नाही, कधीही नाही, तो सरळ गुन्हा आहे आणि आपल्याच माणसांना फसवणं आहे. प्रवासात गेलेले दिवस त्या मालाच्या आयुष्यातनंच गेलेत. ऑनलाइन खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपन्यांना एफएसएसएआयने २०२४ मध्ये सांगितलं की ग्राहकाच्या हातात पडताना मालाचं निदान ३० टक्के आयुष्य किंवा संपायला निदान ४५ दिवस तरी शिल्लक असावेत. आपण घरगुती असलो तरी हीच पट्टी धरावी. सहा महिन्यांचा मसाला तीन आठवडे फिरून आला तरी या पट्टीत आरामात बसतो. दोन महिन्यांचे गरे तीन आठवडे फिरून आले, पुन्हा विकले जाईपर्यंत दोन आठवडे गेले, वर पोचायला एक आठवडा, मग हातात काय राहिलं? म्हणून परत आलेला चांगला माल घरात वेगळ्या फळीवर ठेवा, नव्यात मिसळू नका, आणि तो इथेच विका. मालवणच्या बाजारात, ओळखीच्या होमस्टेला, घरी येणाऱ्याला, जिथे माणूस बाटली हातात घेऊन बघतो. थोडी कमी किंमत लावा आणि कारण सांगा, "पार्सल परत आलेलं, माल चांगलाय." लोकांना ते चालतं.

त्या प्रीपेड बाईंचं. तुम्ही 'देऊ का' विचारलंय पण तुमच्याच पत्रात उत्तर आहे. साइटवर ५ ते ७ दिवस लिहिलंय आणि पार्सल १२ व्या दिवशी पोचलं. २०२० च्या त्याच नियमांत आहे की सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही आणि घेतलेले पैसे परत द्यावे लागतात. वादळ-पूर असं आपल्या हाताबाहेरचं काही असेल तर गोष्ट वेगळी, पण पिकअपचा मुलगा आठवड्यातनं तीनदाच येतो हे त्यात बसत नाही. उशीर कुरियरने केला हे खरंच असेल, पण त्या बाईंनी कुरियर निवडला नव्हता, आपण निवडला. म्हणून पूर्ण ८५०, एक रुपया न कापता, जाण्या-येण्याचे २४० आपले.

हाच माल सहाव्या दिवशी पोचला असता, खोका चांगला असता आणि बाई म्हणाल्या असत्या "आता नको" तर माझं उत्तर वेगळं असतं. तेव्हा १३० आणि ११० कापून ६१० दिले असते तरी चाललं असतं, पण एकाच अटीवर, की ही कपात पैसे भरायच्या आधी त्यांना दिसेल अशी लिहिलेली होती. साइटच्या तळाशी बारीक अक्षरात नाही, पैसे भरायच्या बटणाच्या वर, मराठीत, एका ओळीत, "कुरियर निघाल्यावर नको झाल्यास जाण्या-येण्याचा प्रत्यक्ष खर्च कापून उरलेले पैसे परत मिळतील, उशीर, गळती किंवा चुकीचा माल असल्यास पूर्ण पैसे." कापलेत तर कुरियरच्या बिलाचा फोटोही पाठवा. तुमच्या साइटवर ही ओळ आज नसेल तर आजपर्यंतच्या सगळ्यांना पूर्ण पैसेच द्यायचे, ओळ टाकल्यापासनंच्या ऑर्डरींना ती लागू.

पार्सल हातात यायची वाट बघायची का, हा प्रश्न मला खूप जण विचारतात. चूक आपली असेल तर नाही बघायची. चूक आपली नसेल तर पार्सल मिळून तपासल्यावर दोन दिवसांत द्यायचे, आणि १५ दिवसांत ते आलंच नाही तरी द्यायचे, कारण हरवलेलं पार्सल ही तुमची आणि कुरियरची भानगड आहे, त्याचा दावा तुम्ही करायचा. आणि पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत करा, गेटवेच्या पॅनलवरनं. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी "या नंबरला जीपे करा" म्हणून पाठवलेल्या नंबरवर नाही, कारण उद्या तीच व्यक्ती बँकेत तक्रार टाकून दुसऱ्यांदा पैसे उचलू शकते आणि तुमच्याकडे पुरावा राहत नाही. गेटवेची फी बहुतेक करून परत मिळत नाही, ते थोडे रुपये गेले म्हणून समजा. बाईंना पैसे दिसायला पाच ते सात कामाचे दिवस लागतात हेही आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या दिवशी फोन येत नाही.

एक राहिलं, तो '५ ते ७ दिवस'. तुमच्याकडे पार्सल शुक्रवारी बांधलं तर उचललं कधी जातं, सोमवारी? मग कुडाळ, मग कोल्हापूरकडचं गोदाम, मग पुढे. पावसात घाट बंद झाला तर आणखी. साइटवर ८ ते १२ दिवस लिहा. कोणी उशीर आहे म्हणून ऑर्डर करणार नाही अशी भीती वाटत असेल तर ते गिऱ्हाईक तसंही दारातनं परत पाठवणाऱ्यांतलंच होतं, ते २७५ रुपये वाचले. आणि शक्य असेल तर गुरुवारनंतर आंबापोळी बांधू नका.

त्या बाईंचे ८५० आज रात्रीच परत टाका आणि सोबत दोन ओळी लिहा, उशीर झाला, चुकलं आमचं. त्यांचा खोका येईल तेव्हा आधी वजनावर ठेवा. बारा दिवस जायला, दहा-बारा यायला, म्हणजे आगळ आणि मसाला तपासून फळीवर, आणि पोळीचा वास घेऊन बघा, बरी असली तर घरातल्या पोरांना, नसली तर माडाच्या बुंध्याशी.